आईच्या नव्या इन्स्टाग्रामला आतून कडी

आई,

रविवारी फोनवर अर्धा तास आपण "तीन रेघा कुठायत" एवढ्यावरच अडकलो. शेवटी तू म्हणालीस, "तू लिहून पाठव, मी बघतो की निवांत." म्हणून हे लिहितेय. पुण्यात बसून तुझ्या फोनची स्क्रीन मला दिसत नाही, त्यामुळे बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशीच इंग्रजी अक्षरांत लिहिली आहेत. अक्षर जुळवून बघ आणि मगच दाब.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. तू खातं उघडताना काही चुकलीस असं नाही. मोठ्या माणसाचं नवं इन्स्टाग्राम खातं उघडंच असतं, म्हणजे रांगोळीचा फोटो टाकला की जगातला कोणीही तो बघू शकतो. दाराला कडी आहे, पण ती आपली आपण लावायची असते, म्हणजे खातं प्रायव्हेट करायचं असतं.

आधी जवळ काय घेऊन बसायचं

तुझा फोन, चष्मा, इन्स्टाग्रामचा पासवर्ड लिहिलेली ती निळी डायरी, एक कोरा कागद आणि पेन. शेवटच्या पायरीला बाबांचा फोन लागेल, तेव्हा ते फिरायला रंकाळ्यावर गेलेले नसतील अशी वेळ बघ. अर्धा तास पुरेल. प्ले स्टोअरमध्ये इन्स्टाग्रामसमोर Update असं दिसत असेल तर ते आधी करून घे, नाहीतर माझ्या लिहिण्यात आणि तुझ्या स्क्रीनमध्ये फरक पडेल.

कडी लावायला आधार, पॅन, ओटीपी यातलं काहीही लागत नाही. पैसेही लागत नाहीत. "खातं प्रायव्हेट करून देतो, आलेला नंबर सांगा" असा फोन आला तर ठेवून दे.

१. आधी कडी लाव

रविवारी मी क्रम चुकवला. मी तुला आधी अनोळखी लोक काढायला लावले आणि कडीचं राहूनच गेलं. तू एकेक करून सहाजण काढलेस आणि संध्याकाळी त्यातले दोन परत आत. दार सताड उघडं असताना पाहुण्याला बाहेर काढलं तर तो परत येणारच, त्याला कोणाला विचारावंही लागत नाही. म्हणून आधी कडी, मग आत कोण बसलंय ते बघायचं.

इन्स्टाग्राम उघड. खाली उजव्या कोपऱ्यात तुझा छोटा गोल फोटो आहे, तो दाब. आता तुझं पान उघडलं. वर उजव्या कोपऱ्यात एकाखाली एक तीन आडव्या रेघा आहेत. रविवारी तू आधीच्या पानावर शोधत होतीस, तिथं त्या नसतात, म्हणून आपलं जमेना. तुझा फोटो मोठा दिसतोय, शेजारी आकडे दिसतायत, त्याच पानावर त्या रेघा असतात.

रेघा दाबल्यावर Settings and activity नावाची लांबलचक यादी येईल. बोटानं वर सरकवत जा. Who can see your content अशी ओळ दिसेल आणि तिच्या खाली कुलपाचं चित्र असलेलं Account privacy. कडी लागलेली नसेल तर त्याच्यासमोर बारीक अक्षरांत Public लिहिलेलं असतं. ते दाब.

आत Private account असं लिहिलंय आणि शेजारी सरकणारं बटण आहे. ते दाबलं की खालून एक पाटी येते आणि परत एकदा विचारते. तिथं Switch to private दाबायचं. ही पाटी बघून तू रविवारी घाबरून मागं आलीस आणि मला म्हणालीस, "केलं की." तेव्हा झालेलं नव्हतं, रात्री परत केलंस तेव्हा लागली. पाटीवरचं बटण दाबल्याशिवाय कडी लागत नाही.

लागली की नाही ते दोन ठिकाणी कळतं. मागच्या यादीत Public च्या जागी Private दिसेल. आणि तुझ्या पानावर वरती, तुझ्या नावाशेजारी, बारकं कुलूप येईल.

आता जे लोक तुला फॉलो करत नाहीत त्यांना तुझे फोटो, रील आणि स्टोरी दिसणार नाहीत. आधी टाकलेलेसुद्धा नाहीत. ते सगळे पुसून परत टाकायची गरज नाही. फक्त कडी लागायच्या आधी एखाद्यानं फोटो स्वतःच्या फोनमध्ये घेऊन ठेवला असेल, तर तो तिथून निघत नाही.

बटण सरकतच नसेल तर

तुझ्या बाबतीत ही अडचण नाही, पण भिशीतल्या काकूंना येणार आहे, कारण त्यांनी खातं उघडताना "मसाले विक्री" असं काहीतरी निवडलंय. त्यांच्या पानावर Professional dashboard अशी पट्टी दिसते बघ. ते धंद्याचं खातं झालं, आणि दुकानाचं शटर खाली ओढून गिऱ्हाईक कसं येणार? म्हणून बिझनेस खातं प्रायव्हेट करता येत नाही. त्यांना त्याच तीन रेघांच्या यादीत खाली Business tools and controls मध्ये जाऊन Switch account type आणि त्यात Switch to personal account करावं लागेल आणि मग वरची पायरी. पण त्यांना खरंच मसाले विकायचे असतील तर करू नये म्हणावं. धंद्याला एक आणि घरच्या फोटोंना वेगळं, अशी दोन खाती ठेवावीत.

२. आत कोण कोण बसलंय

ही पायरी सगळ्यात वेळखाऊ आहे आणि लोक नेमकी हीच सोडतात. कडी लावली म्हणजे आत असलेले लोक आपोआप बाहेर जात नाहीत. जे आधीपासून फॉलो करतायत त्यांना सगळं आधीसारखंच दिसत राहतं.

तुझ्या पानावर फोटोशेजारी तीन आकडे आहेत. पहिला तू टाकलेल्या फोटोंचा. मधला followers, म्हणजे तुला बघणारे. तिसरा following, म्हणजे तू ज्यांना बघतेस ते. आपल्याला मधला हवाय. रविवारी तू तिसऱ्यात शिरलीस आणि मामींना काढलंस. त्यांना अजून माहीत नाही, पण परत फॉलो कर.

मधला आकडा रविवारी रात्री ४७ होता. तो दाबलास की नावांची यादी येते आणि प्रत्येकासमोर Remove असतं. लगेच दाबत सुटू नकोस. आधी कागदावर तीन रकाने कर: घरचे, ओळखीचे, कोण हे माहीत नाही. मी तुझी यादी फोनवर ऐकत लिहून घेतली होती. घरचे आणि नात्यातले २३, भजनी मंडळ आणि भिशी मिळून ७, आणि माहीत नाही यात १७.

त्या सतरांचं काय केलं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुझं तुला करता येईल.

नावावरून काही कळत नाही, कारण पोरं स्वतःला काहीही नावं ठेवतात. फोटो दाबून त्यांच्या पानावर जायचं आणि बघायचं की आपल्या ओळखीचं कोणी त्यांना फॉलो करतंय का. इन्स्टाग्राम स्वतःच Followed by असं लिहून तू फॉलो करतेस त्यांच्यापैकी कोण कोण तिथं आहे ते दाखवतं. अशानं दोघं सापडले. कुस्तीच्या फोटोवाला तो "नाद खुळा" असलेला मुलगा शेजारच्या काकूंचा धाकटा निघाला. दुसरी आत्याची सून, तिनं फोटोच्या जागी फुलपाखरू लावलंय. दोघं राहिले.

चौदाजण असे की ना फोटो ओळखीचा, ना कोणी ओळखीचं त्यांच्याकडं. त्यातले बरेच तर हजारो लोकांना फॉलो करणारे आणि स्वतः एकही फोटो न टाकलेले. यांच्यावर विचार करायचाच नाही. Remove दाबायचं, परत विचारेल, परत Remove. त्यांना "तुम्हाला काढलं" असा निरोप जात नाही, त्यामुळं कोणाला काय वाटेल ही काळजी सोड.

राहिला एक. मामा.

मामा यादीत दोनदा होते. दोन्हीकडं तोच फेटा बांधलेला लग्नातला फोटो. एका नावाच्या शेवटी खाली आडवी बारीक रेघ जास्त होती, तेवढाच फरक. तू म्हणालीस, "त्यानं दुसरं काढलं असेल, पासवर्ड विसरतो तो." मी म्हटलं, फोन कर. तू गारगोटीला फोन लावलास आणि मामा म्हणाले, "मला एकच जमंना झालंय, दुसरं कुठलं?" म्हणजे कोणीतरी त्यांचा फोटो उचलून त्यांच्या नावानं खातं काढलं होतं. त्या दुसऱ्या खात्यावर एकही फोटो नव्हता. अशा खात्यातून पुढं काय होतं तर चार दिवसांनी "अक्का, अडचणीत आहे, जरा पैसे पाठव" असा मेसेज येतो.

त्याला Remove नाही करायचं, Block करायचं. त्याच्या पानावर जाऊन वर उजवीकडचे तीन ठिपके दाबले की Block येतं. Remove केलेला माणूस परत रिक्वेस्ट पाठवू शकतो, पण Block केल्यावर त्या खात्याला तुझं पानच सापडत नाही. त्याच ठिपक्यांत Report सुद्धा आहे. ते मामांनी त्यांच्या फोनवरून करायला हवं, कारण सोंग त्यांचं घेतलंय. सांग त्यांना.

१७ मधून १५ गेले, ४७ चे ३२ झाले. तुझ्याकडं आता ३२ दिसायला हवेत. जास्त दिसले तर मला सांग.

३. कडीच्या बाहेर काय दिसतं

कडी लावलेल्या घरावरसुद्धा पाटी बाहेरच असते ना, तसं. तुझा गोल फोटो, तुझं नाव, नावाखाली लिहिलेल्या दोन ओळी आणि ते तीन आकडे, एवढं कोणालाही दिसतं. प्रायव्हेट असलं तरी.

आणि तू त्या दोन ओळींत काय लिहिलंयस? "रांगोळी, भजन, नात सई", त्याखाली राजारामपुरीची गल्ली आणि मोबाईल नंबर. आई, हे लग्नपत्रिकेवर ठीक आहे. तुझ्या पानावरचं Edit profile दाब, Bio मध्ये जा, पत्ता आणि नंबर खोड. रांगोळी आणि भजन राहू दे. खातं उघडताना तू जो नंबर दिलास तो इथं आपोआप दिसत नाही, हा तू हातानं लिहिलेला होता.

गोल फोटोही बदल. सई शाळेच्या गणवेशात आहे आणि बिल्ल्यावर शाळेचं नाव स्वच्छ वाचता येतंय. तो फोटो आतल्या पोस्टमध्ये ठेव, पाटीवर तुझाच एकटीचा लाव, पैठणीतला.

४. नव्या रिक्वेस्ट आल्या की

आता कोणालाही तुला फॉलो करायचं तर आधी विचारावं लागेल. हार्टचं चित्र दाबलं की वरती Follow requests दिसतं. आत प्रत्येक नावासमोर Confirm आणि Delete. Delete म्हणजे तुझं खातं जाईल असं तुला वाटतंय, तसं काही होत नाही, फक्त ती विनंती जाते. समोरच्याला कळवलंही जात नाही. त्याला नंतर परत विचारता येतं.

नियम एकच ठेव: फोटो ओळखीचा असला तरी, त्या माणसाकडं आपला फोन नंबर असेल तर एक फोन करून "तूच का?" विचारायचं. मामांचं बघितलंस ना.

रिक्वेस्ट न स्वीकारताही कोणी मेसेज पाठवू शकतो. अनोळखी माणसाचा मेसेज वेगळा, Requests मध्ये पडतो. तो उघडून वाचलास तरी तू Accept करेपर्यंत त्याला कळत नाही की तू वाचलास. "हाय आंटी" ला उत्तर द्यायची गरज नाही.

कपिलतीर्थ मंडईतले भाजीवाले आणि आपला प्लंबर तुला सुचवले जातात याचं तुला नवल वाटलं. तू सुरुवातीला फोनमधले सगळे नंबर इन्स्टाग्रामला द्यायला "हो" म्हटलंस, त्यात तेही आहेत. बंद करायचं असेल तर तीन रेघा, सगळ्यात वर Accounts Center, मग Your information and permissions, मग Upload contacts, आणि तिथलं बटण बंद. नाही केलंस तरी कडीला धक्का लागत नाही.

५. कडी असूनही बाहेर जाणाऱ्या गोष्टी

दोनच सांगते, कारण दोन्ही तुझ्याकडून झाल्यात.

पहिली, दुसऱ्याच्या अंगणातली बोलणी. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या व्हिडिओखाली तू लिहिलंस, "आम्ही उद्या सगळे दर्शनाला जाणार, नातीला सुट्टी आहे." ते पान उघडं आहे, म्हणून तुझी कॉमेंटही उघडी. तुझं खातं प्रायव्हेट आहे की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. घराला कुलूप कधी लागणार हे तू हजारो लोकांना सांगितलंस. आपली कॉमेंट दाबून धरली की पुसायचं चित्र येतं. ती पूस. नुसतं "अंबाबाईच्या नावानं चांगभलं" म्हणायला काही हरकत नाही.

दुसरी, फेसबुक. फोटो टाकायच्या शेवटच्या पानावर, Share च्या आधी, फेसबुकचं नाव आणि एक सरकणारं बटण दिसतं. ते चालू असेल तर तोच फोटो तुझ्या फेसबुकवरही जातो, आणि तिथं कोणाला दिसेल ते फेसबुकची सेटिंग ठरवते, ही कडी नाही. तुझं फेसबुक सगळ्यांना उघडं आहे. दर वेळी ते बटण बघ, बंद असू दे.

आणि आतल्या ३२ पैकी कोणी स्क्रीनशॉट काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला तर तुला कळणार नाही. आत्या टाकणारच. ते गृहीत धरून फोटो टाक.

६. बाहेर जाऊन दार ढकलून बघ

आता बाबांचा फोन. पण बाबा तुला फॉलो करतात, त्यांना सगळं दिसणारच, म्हणून त्यांच्या इन्स्टाग्रामवरून बघून उपयोग नाही. त्यांच्या फोनवर क्रोम उघड, वरचे तीन ठिपके, New Incognito tab, आणि तिथं instagram.com/ लिहून पुढं तुझं खात्याचं नाव, इंग्रजीत, जागा न सोडता. तो लॉगिन करायला सांगेल तर करू नको. त्याऐवजी वरच्या मजल्यावरच्या ताईंना त्यांच्या फोनवर तुझं नाव शोधायला सांग, त्या तुला फॉलो करत नाहीत. तुझा गोल फोटो, आकडे आणि खाली कुलपाशेजारी This account is private असं काहीसं दिसलं, रांगोळ्या दिसल्या नाहीत, की झालं.

काल मी इथून माझ्या मैत्रिणीच्या फोनवर हेच करून बघितलं. तुझं नाव टाकल्यावर दोन खाती आली. एकाला कुलूप. दुसऱ्यावर तुझा तोच चेहरा, दादाच्या लग्नातले तीन फोटो, आणि सगळं उघडं. मला वाटलं मामांसारखंच तुझंही कोणीतरी सोंग काढलंय. मग फोटो बघितले आणि लक्षात आलं की हे तूच काढलेलं आहेस, दोन वर्षांपूर्वी, हॉलमध्ये, करवलीच्या फोनवरून. पासवर्ड विसरलीस म्हणून नवं काढलंस आणि जुनं तसंच राहिलं. कडी एका खात्याला लागते, माणसाला नाही. नव्याला लावली म्हणून जुन्याला लागत नाही.

ते असं सोडव. त्या खात्याला तेव्हा बाबांचा नंबर दिला होता, म्हणून बाबा शेजारी असतानाच बस. तुझ्या पानावर वरती तुझं नाव दाबलं की खाली Add Instagram account येतं. त्यातून लॉगिनच्या पानावर जा, जुन्या खात्याचं नाव टाक आणि Forgot password? दाब. बाबांच्या फोनवर मेसेजमध्ये आकडे किंवा लिंक येईल. हा ओटीपी आपण मागवलाय, तो फक्त इन्स्टाग्राममध्ये टाकायचा, फोनवर कोणाला वाचून दाखवायचा नाही. नवा पासवर्ड ठरव आणि निळ्या डायरीत "जुनं" असं वर लिहून नोंदव. आत गेलीस की पहिली पायरी परत कर, Switch to private पर्यंत. लग्नाचे ते तीन फोटो आधी फोनमध्ये उतरवून घे, त्यातल्या एकात आजी आहे.

हे सगळं झालं की नव्या खात्यावर परत ये आणि हार्ट दाब. भिशीच्या काकूंची रिक्वेस्ट चार दिवस तिथं पडून आहे. त्यांनी मला फोन करून विचारलं, "आईला माझं काय चुकलं गं?" ती Confirm कर.

तुझी,
पिंकी